दोन वाट्या म्हणजे दोन जागा नव्हेत

कोथरूडच्या आमच्या घरात दोन मांजरं आहेत. चिमी नऊ वर्षांची, चणीने लहान, भिंतीच्या कडेकडेने वावरणारी. गणप्या हा बोका चार वर्षांचा, भरल्या अंगाचा, कुठल्याही खोलीत बिनधास्त शिरणारा. दोघांची नसबंदी झालेली. स्वयंपाकघरात ओट्याखाली भिंतीला लागून दोन स्टीलच्या वाट्या शेजारी शेजारी असत. सकाळ-संध्याकाळ दोघं खांद्याला खांदा लावून जेवत. घरी येणारे लोक त्याचे फोटो काढत आणि आम्हालाही वाटे, काय मैत्री आहे!

वर्षाची लस द्यायला दोघांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजनं केली. आदल्या वर्षी चिमी ३.६ किलो होती, ती ३.१वर आली होती. गणप्या ५.२वरून ६.१वर गेला होता. दोघंही एकाच पिशवीतलं अन्न खात होती. चिमीने आपल्या वजनाचा जवळजवळ सातवा हिस्सा गमावला होता आणि रोज डोळ्यांसमोर असूनही आमच्या ते लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी लगेच वागणुकीवर बोट ठेवलं नाही, आणि ते योग्यच होतं. नऊ वर्षांचं मांजर वाळायला लागलं की मूत्रपिंडं, थायरॉइड, मधुमेह आणि दात हे सगळं आधी तपासावं लागतं. बोका अचानक खा-खा करू लागला तर जंत, मधुमेह, किंवा स्टेरॉइडची गोळी चालू आहे का, हे पाहावं लागतं. आजारामुळे भुकेलेल्या मांजराला कितीही शिस्तीत वाढलं तरी ते दुसऱ्याच्या वाटीकडे जाणारच. आमच्या दोघांचे रक्ताचे अहवाल आणि दात ठीक निघाले. मग डॉक्टरांनी विचारलं, "जेवताना दोघांमध्ये अंतर किती असतं?" मी म्हटलं, "वीतभर." त्यावर ते म्हणाले, "मग तुमच्या घरात वाट्या दोन असल्या तरी जेवायची जागा एकच आहे."

मांजराचं जेवण एकट्याचं असतं

ही अडचण समजून घ्यायची तर मांजर शिकार कशी करतं इथपासून सुरुवात करावी लागते. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते कळपाने शिकार करत नाही. त्याची शिकार उंदराएवढी, म्हणजे एकाच्याच पोटापुरती असते. एका उंदरातून साधारण ३० किलोकॅलरी मिळतात आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला २००च्या आसपास लागतात. म्हणजे दिवसभरात सात-आठ वेळा शिकार साधायची आणि प्रत्येक वेळी एकट्याने खायचं. लांडगे किंवा रानकुत्रे मोठं जनावर मिळून पाडतात, म्हणून ते मिळून खातात आणि कोणी आधी खायचं, कोणी मागे थांबायचं याच्या खाणाखुणाही त्यांच्यात असतात. मांजराला अशी वाटणी कधी करावीच लागली नाही. भांडण मिटवण्याची, माघार घेऊन समोरच्याला शांत करण्याची भाषाही त्याच्याकडे तोकडी आहे. त्याचा मुख्य उपाय एकच, तो म्हणजे अंतर ठेवणं.

पुण्यात हे पाहायचं असेल तर गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी थोडा वेळ उभं राहावं. तिथली मांजरं एकमेकांच्या ओळखीची असतात, काही एकमेकींच्या बहिणी किंवा मायलेकीही असतात आणि उन्हाला एकमेकींना चिकटून झोपतात. पण माशाचं डोकं फेकलं की ज्या मांजराला ते मिळतं ते उचलून हातगाडीखाली किंवा भिंतीच्या कोपऱ्यात पळतं आणि पाठ आडोशाला करून खातं. एकत्र झोपणं वेगळं आणि एकत्र खाणं वेगळं. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून २०१३मध्ये मांजरांच्या गरजांविषयी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात अन्न, पाणी, लिटर बॉक्स, झोपायच्या आणि ओरखडायच्या जागा एकापेक्षा जास्त हव्यात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या हव्यात, असं सांगितलं आहे. यातला पहिला भाग बहुतेक घरांत पाळला जातो आणि दुसरा राहून जातो. आमच्याही घरात तेच झालं होतं.

नुसतं बसणं हीसुद्धा अडवणूक

आम्ही जुना मोबाइल फळीवर टेकवून तीन दिवस जेवणाचं चित्रण केलं. भांडण एकदाही दिसलं नाही. कोणी गुरगुरलं नाही, फिसकारलं नाही, पंजा उगारला नाही. जे दिसलं ते असं. वाट्या खाली ठेवल्या की गणप्या भराभर, न चावता, दोन मिनिटांत आपली वाटी संपवायचा. तोवर चिमीचे कसेबसे आठ-दहा दाणे खाऊन झालेले असायचे. मग तो डोकं वर करून तिच्याकडे एकटक पाहायचा. ती ओठ चाटायची, कान किंचित बाजूला वळवायची, एकदा मागे बघायची आणि निघून जायची. तो शांतपणे तिची वाटी संपवायचा. आम्हाला वाटायचं, चिमीला भूक कमी आहे आणि तिचं उरलेलं गणप्या खातो. खरं तर ती जेवण अर्धवट टाकून जात होती.

दुसरी गोष्ट आणखी सूक्ष्म होती. जेवणाच्या वेळेआधी गणप्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आडवा पडायचा. पाहणाऱ्याला तो आळसावलेला बोका वाटेल, पण स्वयंपाकघरात जायचा रस्ता तेवढा एकच आहे. चिमी पॅसेजमध्ये येऊन थांबायची, तिथेच बसून अंग चाटायची आणि परत फिरायची. पाण्याचं भांडंही आतच असल्यामुळे जेवणाबरोबर तिचं पाणीही अडत होतं. पहाटे तीनच्या सुमाराला, गणप्या आमच्या पायाशी झोपलेला असताना, ती एकटी येऊन वाटीच्या तळाला उरलेले दाणे शोधायची.

घरातल्या मांजरांमधली राखण बहुधा अशीच असते. उघड मारामारी हे तिचं शेवटचं टोक असतं. त्याच्या कितीतरी आधी एकटक नजर, वाटेत बसणं, दुसऱ्याला जागेवरून उठवणं हे चालू असतं. दबलेल्या बाजूची लक्षणं म्हणजे वाटीकडे येऊन मागे फिरणं, मध्येच मान वर करून आजूबाजूला बघणं, तोंडात दाणे घेऊन दुसरीकडे जाऊन खाणं आणि घर झोपल्यावर जेवणं. दाबणाऱ्या मांजराचंही एक लक्षण आहे. ते इतकं घाईने गिळतं की थोड्याच वेळात न पचलेले, अख्खे दाणे तसेच बाहेर टाकतं. गणप्या आठवड्यातून दोनदा असं ओकायचा आणि आम्ही ते केसांच्या गोळ्यांवर ढकलत होतो. त्यालाही निवांतपणा नव्हता. शेजारी दुसरं मांजर जेवतंय म्हटल्यावर आपलं लवकर संपवावं, हीच घाई त्याला लागली होती. म्हणून त्याला चोर किंवा हावरट म्हणणं बरोबर नाही. रागावून त्याच्यावर पाणी उडवणं तर घातकच, कारण वाटीजवळची भीती त्याने दोघांच्याही मनात वाढते.

आधी मोजून पाहावं

कोणाच्या पोटात किती जातं हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. अन्न वाढताना वाटीचं वजन करायचं, जेवण झाल्यावर पुन्हा करायचं आणि त्या वेळी दार बंद ठेवायचं. मांजराच्या वजनासाठी बाळांचा काटा उत्तम. तो नसेल तर मांजराला कडेवर घेऊन साध्या काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करावं. यात शंभरेक ग्रॅमची चूक होऊ शकते, म्हणून एका आकड्यावर न जाता दर रविवारी एकाच वेळी वजन करून ओळीने लिहून ठेवावं.

मग किती वाढायचं? आमच्या डॉक्टरांनी केलेला हिशेब इथे देतो, कारण तो आम्हाला अगदी अनपेक्षित होता. आमच्या कोरड्या अन्नाच्या शंभर ग्रॅममध्ये ३७० किलोकॅलरी होत्या. चिमीचं मूळचं वजन ३.६ किलो. ते राखायला तिला दिवसाला सुमारे २२० किलोकॅलरी, म्हणजे ६० ग्रॅम अन्न हवं होतं. गणप्याला ५ किलोकडे आणायचं होतं. त्यासाठी सुमारे १९० किलोकॅलरी, म्हणजे ५० ग्रॅम पुरेसे होते. आकाराने जवळजवळ दुप्पट असलेल्या बोक्याला लहानखुऱ्या चिमीपेक्षा कमी वाढायचं होतं. दोन वाट्या सारख्याच भरण्याची आमची समान न्यायाची कल्पना दोघांसाठीही चुकीची होती. प्रत्येक घरचे आकडे वेगळे निघतील. वय, आजार आणि पिशवीवरचा मजकूर पाहून ते आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत.

एक धोका इथेच सांगायला हवा. लठ्ठ मांजराचं जेवण एकदम तोडू नये. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठून जिवावर बेतू शकतं आणि लठ्ठ मांजरात हा धोका सगळ्यात जास्त असतो. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे गणप्याच्या बाबतीत ३० ते ६० ग्रॅम, एवढीच घट योग्य.

जागा मांजराच्या डोळ्याने निवडावी

वेगळी जागा म्हणजे किती दूर? याचं उत्तर फुटांत मिळत नाही. जेवताना एका मांजराला दुसरं दिसता कामा नये, ही खरी कसोटी. मोठ्या हॉलच्या दोन टोकांना ठेवलेल्या वाट्या बारा फूट लांब असल्या तरी नजर पोचतेच. मध्ये एक भिंत आली तर चार फुटांचं अंतरही पुरतं. जमिनीवर पालथं झोपून मांजराच्या उंचीवरून पाहिलं की हे लगेच कळतं.

दुसरी कसोटी पाठीची. आपण वाटी भिंतीला टेकवून ठेवतो, त्यामुळे मांजराचं तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे होते. मागून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. वाटी भिंतीपासून हातभर पुढे घेतली तर मांजर भिंत आणि वाटी यांच्यामध्ये उभं राहून, दाराकडे तोंड करून जेवू शकतं. दबलेल्या मांजराच्या बाबतीत एवढ्या बदलानेही फरक पडतो.

तिसरी कसोटी वाटेची. दार बंद होणार नसेल तर त्या जागेतून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. कोपऱ्यातली बंदिस्त जागा आपल्याला सुरक्षित वाटते, पण दुसरं मांजर तोंडाशी येऊन बसलं की तीच जागा पिंजरा होते. पाणी आणि लिटर बॉक्सही जेवणाच्या जागेपासून दूर असावेत, आणि निदान एकेक पाण्याचं भांडं आणि लिटर बॉक्स अशा ठिकाणी हवा की जिथे जाताना दुसऱ्या मांजराचा उंबरठा ओलांडावा लागणार नाही.

आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चिमीची जागा बेडरूममध्ये, खिडकीखालच्या बुटक्या कपाटावर केली. ती उंच चढू शकते, पण नऊ वर्षांच्या मांजराचे सांधे धरू लागलेले असू शकतात, म्हणून मध्ये एक स्टूल ठेवलं. गणप्याची जागा स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत. तिला जाळी आणि दार दोन्ही आहे. फक्त मुंग्यांचा बंदोबस्त करावा लागला. उथळ ताटलीत बोटभर पाणी घालून त्यात वाटी ठेवली की मुंग्या चढत नाहीत. पावसाळ्यात त्या बाल्कनीत दाणे तासाभरात सादळतात आणि मांजर तोंड लावत नाही, त्यामुळे तिथे अन्न ठेवून देण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिले चार महिने

दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवणं आम्ही बंद केलं, पण एका दिवसात नाही. पहिले आठ-दहा दिवस जुन्या जागी थोडं कमी आणि नव्या जागी थोडं जास्त, असं करत गेलो. दिवसाची चार जेवणं ठरवली. सकाळ, संध्याकाळ आणि झोपण्यापूर्वीचं जेवण दारं बंद करून. दुपारच्या जेवणाला फक्त आई घरी असते, म्हणून ते अगदी लहान ठेवलं. क्रमही ठरलेला असे. आधी गणप्याला वाटी दाखवून बाल्कनीत न्यायचं, दार लावायचं आणि मग चिमीला वाढायचं. उलट केलं तर तो चिमीच्या वाटीमागे धावत बेडरूममध्ये शिरायचा. वीस मिनिटांनी दोन्ही वाट्या उचलून धुवायच्या आणि मगच दारं उघडायची. उरलेले दाणे तसेच राहिले तर गणप्या दार उघडताच थेट तिथे पोचतो आणि चिमीच्या जागेची राखण सुरू करतो.

पहिल्या आठवड्यात गणप्या दार खरवडायचा. आम्ही त्याच्या वाट्याचे थोडे दाणे भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत घातले. ती लोळवून दाणे काढण्यात त्याची वीस मिनिटं जाऊ लागली, घाईने गिळणं थांबलं आणि दोन आठवड्यांत ओकणंही थांबलं. चिमी सुरुवातीला दोन घास खाऊन दाराकडे बघत बसायची. दहाव्या दिवशी तिने पहिल्यांदा वाटी रिकामी केली.

तिसऱ्या आठवड्यात गाडी रुळावरून घसरली. चिमीचं वजन वाढेना, गणप्याचं घटेना. शोध घेतल्यावर कळलं की कामाला येणाऱ्या मावशी सकाळी अकरा वाजता कौतुकाने दोघांना एका बशीत दूध-पोळी देत होत्या. आईही दुपारी पानातला माशाचा तुकडा खाली टाकत होती. माशाच्या वासाला दोघं ओट्यापाशी जमत आणि नजरेचा जुना खेळ पुन्हा सुरू होई. अन्न जितकं आवडीचं तितकी राखण कडक. म्हणून मासा द्यायचाच तर तो ज्याच्या त्याच्या जागी, दार लावून द्यायचा, असं ठरलं. दूध बंद केलं, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना ते नीट पचत नाही. फ्रिजवर एक कागद लावला. जो वाढेल त्याने तिथे खूण करायची. दोन किंवा अधिक माणसं वाढणारी असतील तर हा कागद वाटीइतकाच गरजेचा आहे.

सहा आठवड्यांनी चिमी ३.३ किलोवर आली. चार महिन्यांनी ती ३.५ आणि गणप्या ५.५ होता. मला वजनापेक्षा दुसरी खूण महत्त्वाची वाटली. चिमी आता पॅसेजच्या मधोमध आडवी होऊन झोपू लागली होती आणि गणप्या तिला वळसा घालून जात होता.

दार नसेल तर

एका खोलीच्या घरात, पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडात किंवा विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोलीत बंद करायला दुसरं दार नसतं. तिथे शरीरातला फरक उपयोगी पडतो. जड बोक्याला उंच उडी जमत नसेल तर चपळ मांजराला टेबलावर वाढावं. लहान मांजर शिरेल पण मोठं शिरणार नाही, अशा मापाचं भोक पाडलेलं जाड पुठ्ठ्याचं खोकंही चालतं, मात्र त्याला विरुद्ध बाजूला तसंच दुसरं भोक हवं. मोठं मांजर बारीक झालं की ही युक्ती संपते, हे लक्षात ठेवावं. बाथरूम कोरडं असेल तर पंधरा मिनिटांसाठी त्याचं दारही कामी येतं. मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून झाकण उघडणारी यंत्रंही मिळतात. ती महाग आहेत, आणि एक मांजर जेवत असताना दुसऱ्याने बाजूने डोकं घातलं तर झाकण उघडंच राहतं. एखाद्याला मूत्रपिंडाच्या आजाराचं वेगळं अन्न चालू असेल आणि घरातली माणसं दिवसभर बाहेर असतील, तर मात्र तो खर्च सार्थ ठरतो.

जागेला मर्यादा असते

वाट्या वेगळ्या केल्याने सगळंच मिटतं असं नाही. महिनाभर नीट पाळूनही एक मांजर लपूनच राहत असेल, लिटर बॉक्सबाहेर लघवी करत असेल किंवा रक्त निघेपर्यंत भांडणं होत असतील, तर प्रश्न जेवणापुरता उरलेला नाही. अशा वेळी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून, वागणुकीची जाण असलेल्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते. मांजर चोवीस तासांत काहीच खात नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि मांजरांची संख्या वाढत गेली की एक वेळ अशी येते, जेव्हा नजरेआड जागाच उरत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरं असल्याचं उघड झालं आणि ती हलवण्याची नोटीस निघाली. तो प्रश्न दुर्गंधी आणि आवाजाच्या तक्रारींतून पुढे आला. पण मांजराच्या बाजूने पाहिलं तर तिथे एकाही मांजराला पाठ टेकून, कोणाच्याही नजरेत न येता जेवायला जागा मिळणं शक्य नव्हतं. नवं मांजर आणण्याआधी आपल्या घरात अशी जागा आणखी एक निघते का, हे मोजावं. निघत नसेल तर घर भरलं आहे असं समजावं.

घरात दोन मांजरं असतील तर येत्या रविवारी दोघांचं वजन करून लिहून ठेवा आणि आज रात्रीच एक वाटी उचलून भिंतीपलीकडच्या खोलीत न्या.